ग्रॅव्हिटी अकराशे नव्वद: म्हणजे बॅटरीत नेमकं किती उरलं?

नमस्कार श्रोतेहो. इन्व्हर्टरची बॅटरी बघायला आलेला जुना, जाणता मेकॅनिक नुसत्या व्होल्टमीटरवर समाधान मानत नाही. तो सेलचं झाकण काढतो, हायड्रोमीटर नावाच्या रबरी फुग्याच्या काचनळीने थोडं ऍसिड वर ओढतो आणि आतल्या तरंगणाऱ्या काडीवरचा आकडा वाचतो. "ग्रॅव्हिटी अकराशे नव्वद. अर्धी उतरलीय." ऍसिड किती जड आहे यावरून बॅटरीत किती वीज उरली आहे हे त्याला कसं कळतं, आणि हा आकडा कधी फसवतो, ते आज पाहू.

उदाहरणाला आपल्याकडे घरोघरी असते ती बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-अवर ट्युब्युलर बॅटरी घेऊ. तिच्यात सहा सेल असतात, प्रत्येक साधारण दोन व्होल्टचा. प्रत्येक सेलमध्ये दोन प्रकारच्या प्लेटा. धन प्लेटेवर चॉकलेटी रंगाचा लेड डायऑक्साइड असतो, ऋण प्लेटेवर राखाडी, स्पंजासारखं सच्छिद्र शिसं. मधे पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक ऍसिड.

बॅटरी वीज देते तेव्हा ऋण प्लेटेवरचं शिसं दोन इलेक्ट्रॉन सोडतं. ते इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून पंख्यातून, दिव्यातून फिरून धन प्लेटेकडे येतात. इकडे इलेक्ट्रॉन सोडलेलं शिसं ऍसिडमधला सल्फेट धरून ठेवतं आणि त्याचं लेड सल्फेट होतं. पलीकडे धन प्लेटेवर लेड डायऑक्साइड ते दोन इलेक्ट्रॉन घेतो, तोही ऍसिडमधला सल्फेट उचलतो आणि त्याचंही लेड सल्फेटच होतं. त्याच्याकडचा ऑक्सिजन मोकळा होतो, ऍसिडमधल्या हायड्रोजनशी जुळतो आणि पाणी तयार होतं. पाणी बनतं ते फक्त धन प्लेटेवर. दोन्ही बाजूंची बेरीज अशी, की एक अणू शिसं, एक रेणू लेड डायऑक्साइड आणि दोन रेणू सल्फ्युरिक ऍसिड खर्ची पडतात; मिळतात ते दोन रेणू लेड सल्फेट आणि दोन रेणू पाणी.

इथेच ही बॅटरी इतर बऱ्याच बॅटऱ्यांहून निराळी ठरते. लिथियमच्या बॅटरीत मधला द्रव आयनांना या बाजूकडून त्या बाजूला नेतो. स्वतः खर्च होत नाही. इथे ऍसिड हा कच्चा माल आहे. जितकी वीज बाहेर गेली, तितकं ऍसिड प्लेटांत गेलं आणि त्याच्या जागी पाणी आलं. हा हिशेब अंदाजाचा नाही, फॅरेडेच्या नियमाने बांधलेला आहे. एका सेलमधून एक अँपिअर-अवर वीज गेली की ३.६६ ग्रॅम ऍसिड संपतं आणि ०.६७ ग्रॅम पाणी तयार होतं. बॅटरी कोणत्या कंपनीची, स्वस्त की महाग, याने या आकड्यांत फरक पडत नाही.

आता आपल्या बॅटरीचा एक सेल घेऊ. त्यात तीन लिटर द्रव आहे आणि पूर्ण चार्ज असताना ग्रॅव्हिटी १२४० आहे असं धरू. १२४० म्हणजे हा द्रव पाण्याच्या १.२४० पट जड. तीन लिटरचं वजन झालं ३७२० ग्रॅम. या घनतेला द्रवात सुमारे ३३ टक्के ऍसिड असतं, म्हणजे साधारण १२३० ग्रॅम. वीज गेली आणि दहा अँपिअरचा भार साडेसात तास चालला. ७५ अँपिअर-अवर खर्च झाले. त्यात २७५ ग्रॅम ऍसिड प्लेटांत गेलं, ५० ग्रॅम पाणी नव्याने आलं. उरलं सुमारे ९५५ ग्रॅम ऍसिड, तेही ३४९५ ग्रॅम द्रवात. ते प्रमाण सुमारे २७ टक्के होतं आणि त्याची घनता येते ११९० च्या आसपास. मेकॅनिकने सांगितलेला आकडा तोच.

पुढचे ७५ अँपिअर-अवर काढले तर याच हिशेबाने ग्रॅव्हिटी ११४० पर्यंत येते. म्हणजे दीडशे अँपिअर-अवरला शंभर गुण, दीड अँपिअर-अवरला एक गुण. घट जवळजवळ सरळ रेषेत होते, म्हणूनच हायड्रोमीटरवर टक्के वाचता येतात. पण ही पट्टी या बॅटरीची. गाडीच्या बॅटरीत प्लेटांच्या मानाने ऍसिड कमी असतं आणि सुरुवातच १२५० ते १२८० अशा जास्त आकड्याने होते, त्यामुळे तिथे तोच आकडा निराळं सांगेल. पूर्ण चार्जची ग्रॅव्हिटी किती असावी ते बॅटरीच्या कार्डावर छापलेलं असतं, ते आधी पाहावं.

मग व्होल्टमीटर का पुरत नाही? विश्रांतीतल्या सेलचा व्होल्टेज ढोबळमानाने घनता अधिक ०.८४ इतका असतो. १.२४० ला २.०८ व्होल्ट, सहा सेलचे १२.४८. अगदी रिकाम्या १.१४० ला ११.८८. भरलेली आणि रिकामी यांत फरक जेमतेम ०.६ व्होल्टचा. त्यात नुकताच चार्जर काढला असेल तर व्होल्टेज खोटा चढलेला दिसतो, नुकताच भार काढला असेल तर खोटा पडलेला. शिवाय मीटर सहा सेलची बेरीज दाखवतो; त्यातला एक दुबळा असेल तर तो बाकी पाचांत लपून जातो. हायड्रोमीटर प्रत्येक सेल वेगळा तपासतो.

चार्जिंगला सगळं उलटं होतं. दोन्ही प्लेटांवरचं लेड सल्फेट मोडतं, ऋण बाजूला शिसं आणि धन बाजूला लेड डायऑक्साइड परत येतो, पाणी खर्च होतं आणि ऍसिड द्रवात परततं. पण ते जन्माला येतं प्लेटेच्या छिद्रांत, दाट रूपात, आणि जड असल्यामुळे न ढवळलेल्या सरबतातल्या साखरेसारखं तळाशी बसतं. हायड्रोमीटरची नळी मात्र वरचा थर ओढते. त्यामुळे चार्जिंगच्या मधल्या टप्प्यात बॅटरी साठ-सत्तर टक्के भरलेली असूनही ग्रॅव्हिटी हललेलीच दिसत नाही, आणि माणूस म्हणतो, चार्जर बिघडला. सेलचा व्होल्टेज २.४० च्या पुढे, म्हणजे बॅटरीचा १४.४ च्या पुढे गेला की पाण्याचं विघटन होऊन बुडबुडे येतात, ते द्रव ढवळतात, आणि मग आकडा भराभर चढतो. एरवी टाळायची गोष्ट, पण इथे बुडबुडे कामाचे आहेत. जी बॅटरी कायम अर्धवट चार्ज होते तिच्यात ढवळणं होतच नाही; प्लेटांचा खालचा भाग दाट ऍसिडमध्ये, वरचा पातळ ऍसिडमध्ये राहतो आणि खालच्या भागात सल्फेट घट्ट होत जातं.

आकडा फसण्याचं दुसरं कारण म्हणजे पाणी. डिस्टिल्ड वॉटर घातल्या घातल्या मोजलं तर वर नुसतं पाणी तरंगत असतं, ग्रॅव्हिटी फारच कमी येते. याउलट पातळी खूप उतरली असेल तर ऍसिड तितकंच, पाणी कमी, म्हणून ग्रॅव्हिटी जास्त येते आणि बॅटरी भरलेली वाटते. झाकणावर जो तरंगता दांडा असतो तो पाण्याची पातळी दाखवतो, चार्ज नव्हे. तो वर आहे म्हणून बॅटरी फुल आहे असं समजू नये.

तपमानाचंही लक्षात घ्यावं लागतं. गरम द्रव हलका होतो. आपल्याकडे आकडे २७ अंशांना धरून देतात. त्यापुढे दर दहा अंशांना सात गुण वाढवायचे, खाली असेल तर तितके वजा करायचे. उन्हाळ्यात ऍसिड ४२ अंशांवर असेल आणि काडी १२३० दाखवत असेल, तर खरा आकडा १२४०.

मोजायची पद्धत म्हणून अशी: पाणी आधी खुणेपर्यंत भरावं, बॅटरी बुडबुडे येईपर्यंत पूर्ण चार्ज करावी, चार्जर बंद करून तासभर थांबावं. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, जवळ खाण्याच्या सोड्याचं पाणी, आणि आसपास काडीपेटी किंवा उदबत्ती नाही, कारण सेलवर हायड्रोजन साठलेला असतो. नळी उभी धरावी, काडी काचेला न चिकटता तरंगू द्यावी, डोळा द्रवाच्या पातळीत आणून वाचावं, आणि द्रव त्याच सेलमध्ये परत सोडावा. सहाही आकडे लिहून ठेवावेत. बंद, देखभालमुक्त बॅटरीत हे शक्य नाही. तिथे व्होल्टेजवरच भागवावं लागतं.

समजा आकडे आले १२३५, १२४०, १२३५, ११८०, १२४०, १२३५. चौथा सेल साठ गुणांनी मागे आहे. इथे दुकानातून ऍसिड आणून त्या सेलमध्ये ओतायचा मोह होतो. आकडा लगेच सुधारतो, पण प्लेटांवरचं सल्फेट तिथेच राहतं. हरवलेलं ऍसिड बहुतेक वेळा सांडलेलं नसतं, ते प्लेटांत अडकलेलं असतं. वरून ऍसिड ओतलं आणि पुढे कधी ते अडकलेलं सुटलं, तर सेलमधलं ऍसिड नको इतकं दाट होऊन प्लेटा खाऊ लागतं.

त्याऐवजी सावकाश चार्जिंग करून पाहावं. दीडशे अँपिअर-अवरला पाच अँपिअरच्या आसपास करंट, तोही एक दिवस किंवा जास्त वेळ, झाकणं सैल ठेवून. ऍसिड ४५ अंशांच्या वर जाऊ लागलं तर थांबून थंड होऊ द्यावं. दर तासाला चौथ्या सेलची ग्रॅव्हिटी घ्यावी. ती चढत असेल तर सल्फेट सुटतंय, चालू ठेवावं. लागोपाठ तीन तास आकडा तोच आला तर जेवढं सुटायचं तेवढं सुटलं. तो १२३० च्या जवळ थांबला तर सेल वाचला. ११८० लाच अडून बसला आणि सेल जोरात उकळतोय, तर सल्फेटचे स्फटिक इतके मोठे झालेत की करंट त्यांना मोडू शकत नाही आणि सगळी वीज पाणी फोडण्यात जाते. आणि बाकी पाच सेल उकळत असताना हा एकटा शांत असेल, बुडबुडा नाही आणि आकडाही हलत नाही, तर प्लेटांमध्ये आत शॉर्ट झालाय. त्यावर चार्जरकडे उपाय नाही.