सूर्यफुलातले आकडे आणि शंखाचा वळसा

नमस्कार, श्रोतेहो. १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५... मागच्या दोन आकड्यांची बेरीज केली की पुढचा आकडा मिळतो. युरोपात ही मालिका फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाली. आपल्याकडे हेमचंद्राचार्यांनी ती त्याआधीच, वृत्तांच्या मात्रा मोजताना मांडली होती.

आता सूर्यफूल. पिकलेल्या फुलातल्या बियांच्या वळणदार ओळी एका दिशेनं बहुधा ३४ भरतात आणि उलट दिशेनं ५५. फुलाला बेरीज कुठून आली?

फूल अगदी कोवळं असताना मधल्या वाढत्या भागाच्या कडेवर बारीक कोंब एकामागून एक उठतात. प्रत्येक कोंब आसपासचं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक स्वतःकडे ओढून घेतो. साहजिकच नवा कोंब आधीच्यांपासून दूर, जिथं ते शिल्लक आहे तिथं उगवतो. असं होता होता लागोपाठच्या दोन कोंबांमधला कोन १३७.५ अंशांच्या आसपास स्थिरावतो.

हा कोन धरून जरा हिशेब करू. आठ कोंब पुढं गेलं की ११०० अंश होतात, म्हणजे तीन पूर्ण फेऱ्या आणि वर २० अंश. तेरा कोंब पुढं गेलं की पाच फेऱ्यांना साडेबारा अंश कमी पडतात. एकविसाव्याला साडेसात अंश जास्त, चौतिसाव्याला पाच अंश कमी. पाहा, फरक लहान होत जातो आणि बाजू आलटून पालटून बदलते. म्हणून प्रत्येक बीचे सगळ्यांत जवळचे शेजारी याच आकड्यांइतक्या अंतरानं उगवलेले असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. आपल्या डोळ्यांना त्याच शेजाऱ्यांच्या ओळी दिसतात. कोन समजा नेमका १२० असता, तर तीनच सरळ रांगा झाल्या असत्या आणि मधली जागा रिकामी राहिली असती.

कपिलतीर्थ मंडईतून अननस आणाल तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या तिरक्या ओळी मोजा. बहुधा ८ आणि १३ मिळतील. बहुधा म्हणतो, कारण कोंब उगवताना थोडी गडबड झाली की आकडे चुकतात. काही सूर्यफुलांत ४, ७, ११, १८, २९, ४७ या भावंड मालिकेतले आकडे सापडतात. बेरजेचा नियम तोच, सुरुवात वेगळी.

शंखाचा वळसाही याच मालिकेवर बेतलेला असतो असं सर्रास सांगितलं जातं, ते मात्र मला पटत नाही. शंखात मोजायला ओळीच नसतात. आतला जीव कवचाच्या तोंडाशी नवा थर चढवतो आणि आकार तोच ठेवून वाढतो, एवढ्यानंच वळसा तयार होतो. चित्रांत नेहमी दिसणाऱ्या नॉटिलस या समुद्री जीवाच्या शंखाचा वळसा एका फेरीत साधारण तिप्पट रुंदावतो. या मालिकेशी जोडलेला सुवर्ण वळसा असता तर तो जवळजवळ सातपट रुंदावायला हवा होता. तेव्हा मालिका सूर्यफुलात खरी आहे. नॉटिलसच्या अंगावर ती आपण चढवली आहे.