बस्त्याची तीन बिले आणि एक प्रसंग

(व्यापारी संघटनेच्या वार्षिक सभेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, संघटनेचे पदाधिकारी आणि व्यापारी बंधुभगिनींनो,

निमंत्रणपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव 'रोख देणे व रोख घेणे यांवरील प्राप्तिकराच्या मर्यादा' असे छापले आहे. त्यातले 'देणे' मी शेवटी घेणार आहे, कारण माझे खरे गाऱ्हाणे 'घेण्या'बद्दल आहे. बाजारात एक वाक्य इतके रुळले आहे की ते कायद्यातच लिहिले असावे असे वाटते. 'दोन लाखांच्या आत बिल फोडा, काही होत नाही' हे ते वाक्य. गेली काही वर्षे मी त्याच्याशी भांडतो आहे आणि आज आपण ऐकायला बसला आहात, त्यामुळे मला सोयीचे झाले आहे.

प्राप्तिकर अधिनियम २०२५ चा अंमल १ एप्रिल २०२६ पासून आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तरीही आपल्या तोंडी १९६१ च्या अधिनियमाचेच क्रमांक बसले असल्यामुळे मी तेच वापरतो. १ एप्रिल २०१७ पासून कलम २६९एसटी आले. अर्थसंकल्पात मर्यादा तीन लाखांची सुचवली होती, ती कायदा होताना दोन लाखांवर आली. या कलमाने दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई केली आहे, आणि ती मनाई तीन मापांनी मोजली जाते. पहिले माप म्हणजे एका व्यक्तीकडून एका दिवसात मिळालेली एकूण रक्कम, दुसरे म्हणजे एका व्यवहारापोटी मिळालेली रक्कम आणि तिसरे म्हणजे एका प्रसंगाशी संबंधित व्यवहारांपोटी एका व्यक्तीकडून मिळालेली रक्कम. आपला बाजार पहिले माप जाणतो, दुसरे अर्धवट जाणतो आणि तिसरे त्याच्या गावीही नसते.

माझ्या एका कापड दुकानदार अशिलाची गोष्ट सांगतो. लग्नसराईत एका वधुपित्याने त्याच्याकडे बस्ता बांधला. पहिल्या दिवशी शालू आणि पैठण्या झाल्या, त्याचे १,२०,००० रुपये आले. दुसऱ्या दिवशी मानपानाच्या साड्या आणि पुरुषांचे कपडे झाले, त्याचे १,३०,००० आले. तिसऱ्या दिवशी राहिलेल्या करवल्या आणि आत्याबाई आल्या, आणि आत्याबाईंची पसंती होईपर्यंत दुकानाचे शटर अर्धे खाली आले होते, पण त्यांच्या खरेदीचेही ९०,००० रुपये वधुपित्याकडून जमा झाले. बिले तीन, दिवस तीन आणि सर्व रक्कम रोख. एकही बिल दोन लाखांपर्यंत गेले नाही, म्हणून मालक निर्धास्त होता.

लेखापरीक्षणाच्या वेळी मी ती बिले वाचली. दुकानाच्या मुनिमाने प्रामाणिकपणे तिन्ही बिलांवर 'बस्ता' असे लिहिले होते आणि तिसऱ्या बिलात सवलत दिली होती, तीही तिन्ही बिलांच्या एकत्रित बेरजेवर. म्हणजे ही सगळी खरेदी एकाच लग्नाची आहे, याचा पुरावा दुकानाने स्वतःच्याच हस्ताक्षरात तयार करून ठेवला होता. ३,४०,००० रुपये एका प्रसंगापोटी एका व्यक्तीकडून रोखीने आले होते, आणि लेखापरीक्षण अहवालात, म्हणजे फॉर्म ३सीडीमध्ये, अशा रकमांची नोंद करावीच लागते. मी तसे सांगितल्यावर मालकाने विचारले, ''साहेब, तुम्ही आमचे की त्यांचे?'' मी म्हटले, ''फी आपण देता, पण सही माझी असते.''

कलम २७१डीएनुसार दंड स्वीकारलेल्या रकमेइतकाच असतो, म्हणजे येथे ३,४०,००० रुपये. मालकाचा युक्तिवाद असा होता की विक्री हिशेबात दाखवली आहे आणि नफ्यावर करही भरला आहे. तो युक्तिवाद खरा होता, पण निरुपयोगी होता. हा दंड कर चुकवल्याचा नसून रोख स्वीकारल्याचा आहे, त्यामुळे त्या विक्रीवर सुटलेल्या चाळीसेक हजारांच्या नफ्याशी त्याचा काही संबंध राहत नाही. रास्त व पुरेसे कारण सिद्ध केल्यास दंडातून सुटका होऊ शकते, परंतु 'सगळे असेच करतात' हे कारण त्यात बसले नाही आणि मालकाला दंड भरावा लागला. वधुपित्याला मात्र काहीही झाले नाही, कारण हे कलम घेणाऱ्याला बांधते, देणाऱ्याला नाही.

यात वाईट वाटते ते एवढ्यासाठी की उपाय अगदी साधा होता. बंधन रोखीवर आहे, बिलाच्या आकारावर नाही. १,९०,००० रोख आणि उरलेले १,५०,००० यूपीआय, एनईएफटी किंवा अकाउंट पेयी चेकने घेतले असते तर तीन काय, एकाच बिलातही हा बस्ता निर्वेधपणे विकता आला असता. येथे कोणी म्हणेल की वधूच्या मामाने वेगळे पैसे दिले तर? मामा ही वेगळी व्यक्ती आहे, त्यामुळे तिसऱ्या मापात त्याची रक्कम वेगळी धरता येईल. मात्र दुसऱ्या मापात 'एका व्यक्तीकडून' हे शब्दच नाहीत, म्हणून एकाच बिलावर वडील आणि मामा मिळून दोन लाख रोख देत असतील तर मामा आपल्याला वाचवू शकत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, आणि ज्यासाठी मला बोलावले ते 'देणे' अजून राहिलेच आहे.

कलम ४०ए(३) खर्चाबद्दल आहे आणि त्याचा स्वभाव निराळा आहे. एका व्यक्तीला एका दिवसात एकूण दहा हजारांहून अधिक रोख दिली, तर तो पूर्ण खर्च नफ्यातून वजा मिळत नाही. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा पस्तीस हजार आहे. खोकी पुरवणाऱ्याला सकाळी ९,८०० आणि संध्याकाळी ९,५०० दिले तर १९,३०० रुपये नामंजूर होतात आणि तीस टक्के दराच्या करदात्याला उपकरासह सुमारे सहा हजारांचा भुर्दंड बसतो. पण त्याचेच २७,००० चे एक बिल तीन वेगवेगळ्या दिवशी नऊ-नऊ हजारांनी फेडले तर हे कलम आड येत नाही, कारण ते फक्त दिवस मोजते. माझा अंदाज असा की बिल फोडण्याची सवय येथूनच आली आणि खर्चाचे शहाणपण कोणीतरी विक्रीवर लावले. मागच्या वर्षी उधारीवर दाखवलेला खर्च या वर्षी मर्यादेबाहेर रोखीने फेडला, तर ती रक्कम या वर्षाचे उत्पन्न धरली जाते, हेही ध्यानात असू द्यावे. बेअरर चेक येथे रोखीसारखाच धरला जातो.

हातउसन्या रकमांसाठी कलम २६९एसएस आणि परतफेडीसाठी २६९टी आहे. तेथे वीस हजारांपासून बंधन सुरू होते आणि दंड पुन्हा रकमेइतकाच. शब्दांकडे लक्ष द्यावे: खर्चात 'दहा हजारांहून अधिक' असल्याने नेमके दहा हजार चालतात, उसनवारीत नेमके वीस हजार आणि विक्रीत नेमके दोन लाख चालत नाहीत.

मोंढ्यातील मंडळींसाठी शेवटचे. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या शेतमालाच्या रोख रकमेला दहा हजारांची मर्यादा लागत नाही, नियम ६डीडीमध्ये ती सूट आहे. दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या त्याच मालाला ती मिळत नाही, म्हणून पट्टीवर शेतकऱ्याचे नाव-गाव स्पष्ट हवे. मात्र शेतकऱ्याच्या हातात दोन लाख किंवा जास्त रोख ठेवली तर घेणारा तो असल्यामुळे २६९एसटीचा दंड त्याच्यावर येतो, तेव्हा मोठी पट्टी असेल तर पैसे त्याच्या खात्यातच पाठवावेत. प्रश्न असतील तर चहाच्या वेळी जरूर विचारावेत, आणि ज्यांच्या दुकानात या हंगामात बस्ते बांधले गेले आहेत त्यांनी आधी आपली बिले सोबत आणावीत.