38 कार्डं

[दृश्य: टेबलावर कार्डांचा गठ्ठा. एका मुलाचे हात कार्डं उचलतात, वेगवेगळ्या ढिगांत ठेवतात. पुनर्रचित चित्रण.]

निवेदन:
मुलं किती गुन्हे करतात, हे त्यांनाच विचारून मोजण्यासाठी ही कार्डं आहेत. प्रत्येक कार्डावर एकच कृत्य लिहिलेलं आहे. मुद्दाम तिकिटाशिवाय प्रवास केला. रिकाम्या घराच्या खिडक्या फोडल्या. दुकानातून वस्तू उचलली. अंधारात दिव्याशिवाय सायकल चालवली. अशी एकूण 38 कार्डं. मुलानं कार्ड वाचायचं आणि योग्य ढिगात टाकायचं: कधीच नाही, एकदोनदा, अधूनमधून, किंवा वरचेवर.

मोठ्यानं काही बोलावं लागत नाही, आणि कार्डं वापरण्याचं खरं कारण तेच आहे. समोर अनोळखी मोठा माणूस बसलेला असताना "हो, मी चोरी केली" हे शब्द तोंडातून काढणं चौदा वर्षांच्या मुलाला जड जातं. कार्ड सरकवणं त्या मानानं सोपं.

[दृश्य: दक्षिण लंडनमधले रस्ते, विटांच्या घरांची रांग, शाळेचं फाटक.]

निवेदन:
ही कार्डं ज्या अभ्यासात वापरली, तो 1961 मध्ये दक्षिण लंडनच्या कामगार वस्तीत सुरू झाला. तिथल्या शाळांमधली आठ-नऊ वर्षांची 411 मुलं त्यासाठी घेतली. गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड वेस्ट यांनी तो सुरू केला, पुढे त्यांचे सहकारी डेव्हिड फॅरिंग्टन यांनी अनेक दशकं चालवला. मुलं चौदा वर्षांची झाली तेव्हा हा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला गेला आणि सोळाव्या वर्षी पुन्हा तोच.

[दृश्य: लोखंडी कपाट, खण ओढला जातो, नोंदपत्रांच्या रांगा.]

निवेदन:
दुसऱ्या बाजूला होती स्कॉटलंड यार्डची गुन्हे-नोंद. संशोधकांनी प्रत्येक मुलाचं नाव त्या दप्तरात वेळोवेळी शोधलं. या दप्तरातून त्यांनी घेतल्या त्या फक्त शिक्षा, म्हणजे न्यायालयात सिद्ध झालेले गुन्हे. त्यातही किरकोळ मारहाण, दारू पिऊन केलेला गोंधळ आणि वाहतुकीचे नियम मोडणं वगळलं होतं.

एखादं कृत्य या खणापर्यंत पोहोचायचं, तर आधी ते कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. मग त्यानं पोलिसांत जायला हवं, पोलिसांनी ते नोंदवायला हवं, मुलगा सापडायला हवा, आणि नुसती समज देऊन त्याला घरी न पाठवता न्यायालयात उभं करायला हवं. यातली एक पायरी गळली तरी खण रिकामाच राहतो. रिकाम्या खणावरून फक्त इतकंच कळतं की यंत्रणा त्या मुलापर्यंत पोहोचली नाही. त्यानं काय केलं आणि काय केलं नाही, हे त्यातून कळत नाही.

[दृश्य: कार्डं आणि नोंदपत्रं शेजारी शेजारी.]

निवेदन:
मग मुलं खरं सांगतात, हे ठरवायचं कसं? पहिली पद्धत उलट दिशेनं जाते. ज्यांची शिक्षा दप्तरात आहे त्यांनाच विचारायचं, तुला कधी शिक्षा झाली आहे का? अठराव्या वर्षी लंडनच्या मुलांना हे विचारलं, तेव्हा शिक्षा झालेल्यांपैकी फक्त 6 टक्क्यांनी नाकारलं. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, त्यांच्यापैकी 2 टक्के "हो, झाली" म्हणाले. म्हणजे लपवणारे थोडे आणि फुशारकी मारणारे त्याहून थोडे.

पण ही पद्धत फक्त पकडल्या गेलेल्यांची परीक्षा घेते. ज्याला माहीत आहे की दप्तरात आपलं नाव आहे, त्याला लपवून फारसं मिळत नाही. कधीच न सापडलेल्या मुलाचं काय?

[दृश्य: तोच गठ्ठा, दुसऱ्यांदा. "एकदोनदा"च्या ढिगातून एक कार्ड "कधीच नाही"च्या ढिगात जातं.]

निवेदन:
इथे 38 कार्डांची दुसरी फेरी कामाला येते. प्रश्न "कधी केलंस का" असा असेल, तर उत्तर एकाच दिशेनं बदलू शकतं. चौदाव्या वर्षी "नाही" म्हणणारा सोळाव्या वर्षी "हो" म्हणू शकतो, कारण मधल्या दोन वर्षांत त्यानं ते केलेलं असू शकतं. पण चौदाव्या वर्षीचा "हो" सोळाव्या वर्षी "नाही" झाला, तर दोन्हींपैकी एक उत्तर नक्की चुकीचं आहे. हे सांगायला पोलिसांचं दप्तर लागत नाही.

लंडनमध्ये पहिल्या फेरीतल्या सुमारे एक चतुर्थांश कबुल्या दोन वर्षांनी नकारात बदलल्या.

यातलं सगळंच खोटं बोलणं नव्हे. समजा, चौदाव्या वर्षी मुलानं खिडकीचं कार्ड "एकदोनदा"मध्ये टाकलं, कारण बंद घरावर मारलेला दगड त्याच्या डोक्यात ताजा होता. सोळाव्या वर्षी तो दगड त्याला आठवतच नाही. किंवा आठवतो, पण "तो काय गुन्हा झाला?" असं त्याला आता वाटतं. किंवा तो नोकरीला लागला आहे आणि आता लाज वाटते. कार्ड तिन्ही वेळा एकाच ढिगात पडतं, त्यामुळे नुसता ढीग पाहून कारण सांगता येत नाही.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, नाताळची सजावट.]

निवेदन:
स्मृतीची आणखी एक खोड आहे. "गेल्या वर्षभरात किती वेळा" असं विचारलं की दीड वर्षापूर्वीची ठळक घटनाही माणूस त्या वर्षात ओढून आणतो, आणि आकडा फुगतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय युवक सर्वेक्षणात 11 ते 17 वयाची 1,725 मुलं-मुली होती. तिथे यावर साधा उपाय केला. "गेलं वर्ष" म्हणण्याऐवजी मागच्या नाताळपासून या नाताळपर्यंत, असं विचारलं आणि मुलाखती नाताळनंतर लवकर उरकल्या. सण आठवतो, मग घटना त्याच्या अलीकडची की पलीकडची हे सांगता येतं. आपल्याकडे दिवाळी ते दिवाळी असं विचारता येईल.

त्याच सर्वेक्षणात "हो" म्हणणाऱ्याला पुढे विचारलं गेलं, नेमकं काय झालं होतं? तेव्हा कळलं की "मारहाण" या उत्तराखाली भावंडांची झटापटही येते. म्हणून कबुली मोजण्याआधी तिच्यातली घटना ऐकावी लागते. जो सर्वेक्षक हे टाळतो, त्याच्या तक्त्यात धाकट्या भावाला मारलेली चापट आणि चाकूहल्ला एकाच रकान्यात बसतात.

[दृश्य: सिएटलचा नकाशा, त्यावर चार रंगांचे ठिपके.]

निवेदन:
नाव विचारल्यामुळे मुलं दबतात का, हे अमेरिकेतल्या सिएटल शहरात 1978-79 साली तपासलं गेलं. सोळाशेहून अधिक मुला-मुलींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं चार पद्धतींत वाटलं. निनावी प्रश्नावली, नावासह प्रश्नावली, निनावी मुलाखत, नावासह मुलाखत. उत्तरांत फारसा फरक पडला नाही. फरक दुसरीकडे दिसला. पोलिसांकडे नोंद असलेले गुन्हे न सांगण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय मुलग्यांमध्ये गोऱ्या मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं. मुलगे लपवत होते, की पोलिसांची नोंदच एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी चिकटत होती, हे त्या तुलनेतून सुटत नाही, कारण तुलनेत दप्तरालाच खरं धरलेलं असतं. वंश आणि गुन्ह्याबद्दलचे कितीतरी निष्कर्ष या एका गृहीतकावर उभे आहेत.

[दृश्य: सरकारी इमारतीचा जिना, फायलींचे गठ्ठे.]

निवेदन:
भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे नोंदवलेल्या प्रकरणांचे आणि ताब्यात घेतलेल्या विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकांचे असतात. शिवाय 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार, 16 वर्षांवरील मुलांचे घृणास्पद गुन्हे सोडले, तर दोषी ठरलेल्या बालकाच्या नोंदी ठरावीक काळानं नष्ट करायच्या असतात. मुलाच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. पण लंडनसारखं चाळीस वर्षं एकच खण उघडत राहणं इथे शक्य नाही. इथल्या सर्वेक्षकाला पडताळणी प्रश्नावलीतच बसवावी लागते: नावाऐवजी क्रमांक द्यायचा, काही आठवड्यांनी त्याच मुलांपुढे तीच कार्डं पुन्हा ठेवायची, आणि "हो"चे "नाही" किती झाले ते मोजून निष्कर्षांबरोबर छापायचं.