पाळी चुकली, एका कुशीला दुखतंय आणि डाग दिसतोय

नमस्कार श्रोतेहो. पाळी चुकून एक-दोन आठवडे झालेत, लघवीच्या तपासणीत दोन रेघा आल्यात आणि आता ओटीपोटात एकाच बाजूला दुखतंय, कपड्याला तपकिरी डाग लागतोय. असे डाग पुष्कळ जणींना दिसतात आणि बहुतेकींचा गर्भ पिशवीतच असतो. पण तो पिशवीत आहे हे सोनोग्राफीत दिसेपर्यंत धरून चालायचं नाही.

शंभरातल्या एक-दोन गर्भारपणांत गर्भ पिशवीबाहेर रुजतो, आणि तोही बहुधा स्त्रीबीज पिशवीकडे आणणाऱ्या नळीत. पिशवी ताणते, नळी ताणत नाही. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात ती फुटू शकते. मग रक्त पोटात साचतं, बाहेर मात्र थेंबभरच दिसतं. म्हणून डाग किती, यावरून धोका मोजू नका.

समजा, ऊसतोडीला गेलेली बीडकडची एक बाई आहे. पाळीपासून सहावा आठवडा, उजवीकडे दुखतंय. सोनोग्राफीत पिशवी रिकामी दिसते. रक्तातला बीटा एचसीजी, म्हणजे गर्भारपणात वाढणारं संप्रेरक, 1400 येतो. एवढ्या आकड्याला पिशवीतला गर्भही कधीकधी दिसत नाही, त्यामुळे निदान लगेच होत नाही. 48 तासांनी तीच तपासणी पुन्हा करायची, शक्यतो त्याच लॅबमध्ये. पिशवीतला वाढता गर्भ असता तर आकडा 2100च्या आसपास किंवा त्याहून वर गेला असता. इथे तो 1650च होतो. वाढ अडखळली, म्हणजे गर्भ नळीत असेल किंवा पिशवीतला गर्भ टिकत नसेल. ही दुसरी तपासणी चुकवून फडावर परतणं, इथेच घात होतो.

दुसरी चूक मेडिकलमधून पाडायच्या गोळ्या आणून घेण्याची. त्या गोळ्या नळीतल्या गर्भावर चालत नाहीत. पिशवीचं अस्तर गळून रक्त जातं, बाईला वाटतं मोकळी झाले, आणि नळीतला गर्भ वाढतच राहतो. नसबंदी झालीय म्हणूनही निर्धास्त राहू नका. ऑपरेशननंतर गर्भ राहिलाच, तर तो नळीत असण्याची शक्यता जास्त असते.

नळी फुटायच्या आत कळलं, आकडा कमी असला आणि बाईची तब्येत स्थिर असली, तर गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेट इंजेक्शनवर भागू शकतं. त्यानंतर आकडा उतरेपर्यंत तपासण्या कराव्याच लागतात. फुटल्यावर ऑपरेशनच.

चक्कर, घाम, अचानक कळ, किंवा खांद्याच्या टोकाला दुखणं. खांदा का? पोटातलं रक्त श्वासपटलाला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं. असं झालं तर सकाळची वाट पाहू नका. 108ला फोन करा, ऑपरेशन आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. वाटेत काही खाऊपिऊ घालू नका, आणि शेवटच्या पाळीची तारीख डॉक्टरांना आधी सांगा.