अठ्ठ्याहत्तर दिवस

(दृश्य: चाकण एमआयडीसी, सकाळचे साडेसहा. गेटवर रांग, यंत्रावर अंगठे.)

अंगठा टेकला की एक हजेरी लागली. पगार महिन्याचा असला, तरी आजारपणाचा पैसा या हजेऱ्या मोजूनच ठरतो.

(दृश्य: पगारपावती जवळून. ईएसआयच्या रकान्यावर बोट.)

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. महिना 21,000 पर्यंत पगार असेल, तर त्यासाठी पगारातून पाऊण टक्का कापला जातो. मालक सव्वातीन टक्के भरतो.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, पानं उलटणारा हात.)

आता ही पानं बघा. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाचे पैसे मिळतात. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. नव्याने लागलेल्यांसाठी नियम थोडा वेगळा आहे. आपला कामगार जुना आहे.

(दृश्य: खोलीत अंथरूण, औषधाच्या बाटल्या, दाराशी सेफ्टी शूज.)

फेब्रुवारीत टायफॉईड. सोळा दिवस घरी.

(दृश्य: ईएसआय दवाखाना. डॉक्टर प्रमाणपत्र लिहिताना, शिक्का.)

त्याने एक गोष्ट बरोबर केली, पहिल्याच दिवशी ईएसआयच्या डॉक्टरांकडे गेला. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर इथे सहसा भागत नाही.

(दृश्य: मोबाईलचा पडदा. दावा नामंजूर.)

दावा मात्र फेटाळला गेला. कारण, 78 दिवस भरत नाहीत.

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी दोन ओळखपत्रं. नाव एक, विमा क्रमांक दोन.)

जुलैमध्ये ठेकेदार बदलला. काम तेच, मशीन तेच, गेटही तेच. नव्या ठेकेदाराने जुना विमा क्रमांक विचारला नाही, नवाच काढून टाकला. जुन्या क्रमांकावर 48 दिवस, नव्यावर 46. मिळून 94 होतात, पण संगणकाला ती दोन वेगळी माणसं दिसतात. ठेकेदाराचं पाच मिनिटांचं काम वाचलं.

(दृश्य: शाखा कार्यालयाची खिडकी. पावत्यांची चळत, दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स.)

दोन्ही क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज. सोबत दोन्हीकडच्या पगारपावत्या, आधार, बँकेचं पासबुक.

(दृश्य: वहीच्या पानावर आकडेमोड, पेन्सिलीने.)

94 दिवसांचा पगार 56,400. म्हणजे रोजचा सरासरी 600. त्याचे 70 टक्के, 420 रुपये. सोळातले पहिले दोन दिवस कोरडे जातात, उरले चौदा. चौदा गुणिले 420, बरोबर 5,880. बरा झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडला असता, तर ते दोन दिवस कापले गेले नसते. लागोपाठच्या दोन लाभकाळांत मिळून असे जास्तीत जास्त 91 दिवस मिळतात. क्षयरोगासारख्या ठरावीक दीर्घ आजारांना 80 टक्के आणि जास्त मुदत आहे, पण त्याच्या अटी वेगळ्या.

(दृश्य: किराणा दुकानाची उधारीची वही. बायको पैसे मोजते.)

पैसे मे महिन्यात आले. तोवर उधारी.

(दृश्य: पुन्हा गेट. नवा मुलगा अर्ज भरतोय, विमा क्रमांकाची जागा मोकळी.)