क्रमाने लावलेली यादी आणि क्विकसॉर्ट

क्विकसॉर्टचे बहुतेक सगळे काम विभाजनात होते, म्हणून आज मी तेथूनच सुरुवात करतो. यादीतला एक घटक पिव्हट म्हणून निवडायचा, त्याच्याहून लहान घटक डावीकडे न्यायचे, उरलेले उजवीकडे ठेवायचे आणि मग दोन्ही भागांवर हीच कृती पुन्हा करायची. शेवटचा घटक पिव्हट धरणारी, लोमुटोच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी आहे:

```python
def partition(a, lo, hi):
    p = a[hi]
    i = lo
    for j in range(lo, hi):
        if a[j] < p:
            a[i], a[j] = a[j], a[i]
            i += 1
    a[i], a[hi] = a[hi], a[i]
    return i
```

येथे `j` सगळी यादी पाहत पुढे जातो आणि `i` लहान घटकांच्या गटाची हद्द सांभाळतो. 40, 10, 50, 20, 30 ही यादी घेऊ. पिव्हट 30 आहे. 40 जागेवरच राहतो, 10 त्याच्याशी जागा बदलून पुढे येतो, 50 तसाच राहतो, 20 पुढे येतो आणि शेवटी 30 मधोमध बसतो. यासाठी चार तुलना लागल्या. आता दोन्ही बाजूंना दोन-दोन घटक उरले आहेत आणि त्यांना प्रत्येकी एकच तुलना पुरते, म्हणजे एकूण सहा तुलनांत काम संपते.

आता हेच पाच आकडे 10, 20, 30, 40, 50 असे आधीच क्रमाने लावून देऊ. पिव्हट 50, म्हणजे सर्वांत मोठा घटक. प्रत्येक घटक त्याच्याहून लहान ठरतो, प्रत्येकाची स्वतःशीच अदलाबदल होते, आणि चार तुलनांनंतर हाती येते ते एवढेच, की डावीकडे चार घटक आहेत आणि उजवीकडे काहीच नाही. पुढच्या फेरीत पिव्हट 40 आणि तुलना तीन, मग दोन, मग एक, अशा एकूण दहा. विभाजनाने यादीचे दोन भाग करायचे असतात, पण येथे प्रत्येक फेरीत यादीतून फक्त एक घटक गळतो. उतरत्या क्रमाची यादी दिली तरी पिव्हट कधी सर्वांत लहान, कधी सर्वांत मोठा निघतो आणि परिणाम तोच होतो.

पाच घटकांत सहा आणि दहा हा फरक कोणाच्या लक्षात येणार नाही. पण n घटकांच्या क्रमवार यादीला n(n−1)/2 तुलना लागतात, म्हणजे एक लाख घटकांना जवळजवळ 500 कोटी, तर विस्कळीत यादीला सरासरी साधारण 20 लाखच. शिवाय रिकर्शनची खोलीही जवळजवळ यादीच्या लांबीइतकी होते. त्यामुळे हा दोष पुष्कळदा संथपणाच्या आधी स्टॅक संपल्याच्या रूपाने उघड होतो, आणि पायथनमध्ये, जेथे मूळ मर्यादा 1000 आहे, काही हजार घटकांवरच `RecursionError` दिसतो. ती मर्यादा वाढवणे, किंवा लहान भागावर आधी रिकर्शन करून मोठा भाग लूपमध्ये हाताळणे, यांनी कार्यक्रम कोसळायचा थांबेल, पण तुलना एकानेही कमी होणार नाहीत. माझ्या मते हा उपाय एकटाच केला तर तो घातक ठरतो, कारण दोषाचे सर्वांत ठळक लक्षणच त्याने नाहीसे होते. चाचणीसाठी आपण सहसा यादृच्छिक आकडे घेतो, आणि प्रत्यक्ष वापरात मात्र तारखेनुसार किंवा अनुक्रमांकानुसार आधीच लागलेल्या नोंदी येतात. म्हणून हा दोष चाचणीतून सहज निसटतो.

खरा उपाय पिव्हटच्या निवडीत आहे. मधला घटक घेतला, तर क्रमवार यादी दर वेळी बरोबर दुभंगते आणि सर्वांत वाईट उदाहरण सर्वांत चांगले होते. तरीही मधल्या जागी नेमका सर्वांत मोठा किंवा लहान घटक येत राहील अशी यादी मुद्दाम रचता येते, आणि पहिला, मधला व शेवटचा यांतला मध्यक घेणाऱ्या पद्धतीविरुद्धही ती रचता येते. पिव्हट यादृच्छिक निवडला, तर आधीपासून वाईट अशी कोणतीही ठरावीक मांडणी उरत नाही. वाईट फेरी येऊ शकते, पण ती नशिबावर अवलंबून असते, यादीच्या क्रमावर नाही. टोनी होअर यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूळ विभाजनातही पिव्हट यादृच्छिकच होता. वरच्या पद्धतीत त्यासाठी विभाजनाआधी दोन ओळी पुरतात:

```python
r = random.randint(lo, hi)
a[r], a[hi] = a[hi], a[r]
```

मात्र यादीतले सगळे घटक समान असतील, तर या दोन ओळी निरुपयोगी आहेत. कोणताही पिव्हट घेतला तरी `a[j] < p` ही अट कधीच खरी ठरत नाही, `i` जागचा हलत नाही आणि एक सोडून सगळे घटक उजवीकडेच राहतात. तेथे पिव्हट बदलून भागत नाही, विभाजनच बदलावे लागते: लहान, समान आणि मोठे असे तीन गट करायचे आणि समान गटाला पुन्हा हात लावायचा नाही, म्हणजे अशी यादी एकाच फेरीत संपते.