सप्ताहाचा साऊंड: भाड्यानं की विकत?

श्रोतेहो, नमस्कार. इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात एखाद्या सोसायटीनं पहिल्यांदाच सात दिवसांचा भागवत सप्ताह ठरवला, की साऊंडचा प्रश्न निघतो. दोन स्पीकर, अॅम्प्लिफायर, दोन माइक. बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "भाडं कशाला भरायचं? सेट विकत घेऊ आणि नंतर विकून टाकू."

हे ‘नंतर विकून टाकू’ कितपत खरं ठरेल, ते आधीच तपासता येतं. कागद-पेन घ्या. मी सांगतो ते आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या दुकानदाराचे आकडे त्यांच्या जागी घाला.

समजा, सेट २२,००० रुपयांचा आहे. वायरी आणि स्टँडचे आणखी १,५००, आणि त्यांना नंतर कुणी पैसे देत नाही. म्हणजे खिशातून गेले २३,५००. भाडं रोजचं १,५००, शिवाय नेण्या-आणण्याचे ६००. सात दिवसांचे झाले ११,१००. आता २३,५०० मधून ११,१०० वजा करा. उरतात १२,४००. सप्ताहानंतर सेट एवढ्याला विकला गेला, तर दोन्ही बाजू सारख्या. त्याहून जास्त आले तर विकत घेणं फायद्याचं, कमी आले तर भाडं.

म्हणून सेट घेण्याआधी जुन्या सामानाच्या दोन दुकानांत विचारा: अशा सेटचे आज रोख किती द्याल? नव्या सेटची किंमत पाहून अंदाज बांधू नका. बिल फाटलं की माल जुना झाला. समजा, ११,००० सांगितले, तर विकत घेण्यात १,४०० रुपयांचं नुकसान आहे.

पण भाड्याचा आकडाही पक्का करून घ्या, खरी चूक बहुतेक वेळा तिथंच होते. सप्ताह सात दिवसांचा, पण सेट आदल्या संध्याकाळी येतो आणि समाप्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जातो. काही जण याचे नऊ दिवस लावतात. मग भाडं १४,१०० होतं, आणि ११,००० ला विकला जाणारा सेट घेणंच स्वस्त पडतं! उलट, पूर्ण आठवड्याचा एकच दर मागितला आणि तो ८,००० ठरला, तर नेण्या-आणण्यासह ८,६०० होतात. मग सेट विकून १४,९०० आले, तरच बरोबरी.

डिपॉझिट परत मिळतं, म्हणून ते हिशेबात धरू नका. मात्र सेट ताब्यात घेताना दोन्ही माइक बोलून पाहा, वायरी मोजून चिठ्ठीवर लिहा आणि स्पीकरच्या जाळीचे फोटो काढा. आधीचा पोचा आपल्या नावावर लागला, तर कापलेली रक्कम भाड्यातच धरावी लागते. आणि ऐन प्रवचनात अॅम्प्लिफायर बंद पडला तर किती वेळात दुसरा आणून देणार, हेही त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या. आपल्या मालकीचा सेट वॉरंटीत असला, तरी दुरुस्त होऊन यायला दिवस जातात.